लेबलांच्या फोटोंपासून अहवाल: टायपिंग सोपं, ‘काळ’ हा रकाना अवघड

प्रश्न: एम.ए. च्या वर्गाबरोबर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जाऊन आलो. मोबाइलवर वस्तू आणि लेबलं मिळून १८६ फोटो काढलेत. आता सरांना अहवाल हवाय: वस्तू, काळ आणि थोडक्यात टिपण. लेबलं हाताने टाइप करत बसायची का फोटोतून मजकूर काढता येतो? मी काढून पाहिला तर मराठीचा पार चुथडा झाला. शिवाय काळ कुठे शतकात आहे, कुठे घराण्याच्या नावाने, कुठे नुसता संवत. हे सगळं एका तक्त्यात कसं बसवायचं?

उत्तर:

टायपिंगची चिंता आधी सोडून द्या. लहान संग्रहालयांच्या आणि घरगुती संग्रहांच्या याद्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या कामात टायपिंगमुळे अडलेला माणूस मी फारसा पाहिला नाही. माणूस अडतो तो दोन ठिकाणी. एक, घरी आल्यावर कुठलं लेबल कुठल्या वस्तूचं हेच कळत नाही. दोन, ‘काळ’ या एका रकान्यात चार वेगळ्या प्रकारची माहिती कोंबली जाते, आणि आठवडाभराने त्यातलं लेबलवरचं काय आणि आपण लावलेलं काय हे आपल्यालाच सांगता येत नाही. माझं सगळं उत्तर या दोन गोष्टींभोवतीच आहे.

काही गोष्टी तुमच्या सरांवर अवलंबून आहेत, त्या आधी विचारून घ्या. त्यांना पाहिलेल्या सगळ्या वस्तूंची यादी हवी असेल तर टिपण दोन ओळींचं पुरे. पण ‘निवडक वस्तूंवर अहवाल’ हवा असेल तर पंचवीस वस्तू नीट करा आणि बाकीच्या सोडून द्या. विचारायला संकोच वाटत असेल तर पंचवीसवालाच मार्ग धरा. साठ वस्तूंची कोरडी यादी तपासायचा सरांनाही कंटाळाच येतो.

आधी जोड्या लावा

फोटो संगणकावर घेताना व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवू नका. तिथून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, मूळ नाव जातं आणि फोटो काढल्याची वेळही जाते. लेबलवरची बारीक अक्षरं आणि फोटोंचा क्रम या दोनच गोष्टी आपल्याला हव्या असतात, आणि नेमक्या त्याच हातच्या जातात. केबल लावा किंवा ड्राइव्हवर टाका. व्हॉट्सअॅपच वापरायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

मग सगळे फोटो वेळेच्या क्रमाने लावून एकदा नुसते बघत जा. काहीही लिहू नका. फक्त दालन कुठे बदललं ते टिपा. दालनाच्या दारातल्या मोठ्या फलकाचा फोटो काढला असेल तर तो इथे कामाला येतो. नसेल तर भिंतीचा रंग, काचपेटीची चौकट, मागे दिसणारा जिना यांवरून दालन ओळखता येतं.

दुसऱ्या फेरीत नावं द्या. माझी पद्धत साधी आहे: वस्तूला एक क्रमांक, आणि वस्तूचा फोटो `023V`, तिच्या लेबलचा `023L`. एका वस्तूचे तीन फोटो असतील तर `023V1`, `023V2` असे पुढे. हाच क्रमांक तक्त्याच्या पहिल्या रकान्यात येतो. म्हणजे सरांनी ‘हे कुठून आणलंस’ म्हणून विचारलं तर लेबलचा फोटो दहा सेकंदांत समोर ठेवता येतो.

खरी गोची सामायिक लेबलांची असते. एका काचपेटीत आठ वस्तू, प्रत्येकीजवळ छोटा आकडा, आणि खाली एकाच पट्टीवर १ ते ८ ची माहिती. आपण वस्तूचा फोटो जवळून काढतो तेव्हा तो आकडा बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहतो. अशा वेळी पूर्ण पेटीचा एखादा फोटो, निदान कुणा मैत्रिणीच्या फोनमधला, मिळतो का बघा. नाही मिळाला तर वस्तूच्या आकारावरून आणि माध्यमावरून अंदाज बांधता येतो, पण त्या ओळीत ‘जोडी अंदाजाने’ असं लिहायचं. आणि पाच सारखेच मणी किंवा चार सारखीच नाणी असतील तर अंदाजही बांधू नका. त्यांची मिळून एकच ओळ करा.

ज्या लेबलाची वस्तू सापडत नाही ते यादीच्या शेवटी वेगळं ठेवा. ज्या वस्तूचं लेबलच काढलेलं नाही ती सरळ गाळा. पुस्तकात तिच्यासारखी वस्तू शोधून त्या वस्तूचा काळ हिला चिकटवायचा मोह होतो, आणि तिथेच अहवाल खोटा व्हायला लागतो.

मजकूर काढणं

पंचवीस-तीस वस्तू असतील तर बघून टाइप करा, त्यातच वेळ वाचतो. लेबल इंग्रजी-मराठी दोन्हींत असेल तर गूगल लेन्सने इंग्रजी मजकूर बहुतेक ठीक निघतो. पण संग्रहालयाने मराठीत वापरलेली संज्ञा मात्र मराठी लेबलवरूनच घ्या, इंग्रजीवरून उलथा करू नका. ‘अडकित्ता’ लिहिलेला असताना ‘सुपारी कापण्याचे साधन’ असं अहवालात आलं तर ते वाचवत नाही.

मोठे फलक बरेच असतील तर संगणकावर टेसरॅक्ट हे फोटोतून मजकूर काढणारं साधन वापरता येतं. लेबलपुरताच भाग कापून घ्या, फोटो तिरका असेल तर सरळ करा, आणि:

```
tesseract 023L.jpg 023L -l mar+eng --psm 6
```

यातून `023L.txt` तयार होते. `--psm 6` म्हणजे ‘हा मजकुराचा एकच ठोकळा आहे असं समज’. लेबलच्या डाव्या अर्ध्यात मराठी आणि उजव्या अर्ध्यात इंग्रजी असेल तर आधी त्याचे दोन तुकडे करा. नाहीतर दोन्ही भाषांच्या ओळी एकात एक गुंफल्या जातात. तुमचा चुथडा बहुधा असाच झाला असावा. दुसरं कारण म्हणजे काच. काचेवरची दिव्याची रेघ बरोबर अक्षरांवरून जाते, आणि त्याला कुठलंही साधन काही करू शकत नाही. तेवढे शब्द डोळ्यांनीच वाचायचे.

मजकूर निघाल्यावर देवनागरीत कुठे बघायचं तेही सांगते. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल होते. ‘धातू’चं ‘घातू’ झालेलं मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही. पण अक्षराची चूक वाचताना खटकते, म्हणून ती सापडते. आकड्याची चूक खटकत नाही. १ आणि ९ एकमेकांच्या जागी जातात, आणि ‘१ ले शतक’चं ‘९ वे शतक’ झालं तरी वाक्य अगदी शहाण्यासारखं दिसतं. त्याहून वाईट म्हणजे ‘इ.स.पू.’ मधला ‘पू.’ गळणं. टिंबांच्या गर्दीत तो सहज जातो, आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकातली वस्तू इ.स. च्या दुसऱ्या शतकात येऊन बसते. म्हणून माझा नियम असा की शब्द यंत्राने काढले तरी काळाची ओळ प्रत्येक वेळी फोटो मोठा करून माझ्या डोळ्यांनी वाचायची, आणि तीही दोनदा.

रकाने तीन नाहीत, सात

सरांना तीन रकाने हवेत, ते शेवटी द्या. काम करताना मात्र सात ठेवा: क्रमांक, वस्तू, लेबलवरचा काळ (जसाच्या तसा), सुरुवातीचं वर्ष, शेवटचं वर्ष, काळ कुणी ठरवला, टिपण. माध्यम आणि सापडल्याचं ठिकाण टिपणात जातं. फार वस्तू असतील तर त्यांना वेगळा रकाना करा.

‘लेबलवरचा काळ’ या रकान्याला तुमचा हात लागता कामा नये. लेबलवर ‘साधारण ५ वे शतक’ असेल तर तेच, त्यातलं ‘साधारण’ धरून. इंग्रजी लेबलवर ‘c.’ असेल तर तोही ठेवा, कारण तो ‘सुमारे’ आहे. पुढचे दोन वर्षांचे रकाने तुमचे. ते फक्त क्रम लावण्यासाठी आणि गाळणी मारण्यासाठी. हा एवढा फरक पाळला की मागाहून कितीही गोंधळ झाला तरी मूळ माहितीकडे परत जाता येतं.

एक्सेल वापरणार असाल तर मजकुराचे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. शतकाच्या रकान्यात `9-10` टाइप केलंत तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि तुमचं नववं-दहावं शतक ऑक्टोबरातला एक दिवस होऊन बसतं. नोंद क्रमांक `73.80` असेल तर शेवटचा शून्य गिळून `73.8` होतं, आणि ती कदाचित वेगळीच वस्तू असते. वर्षांचे दोन रकाने मात्र संख्याच हवेत, आणि तिथे इंग्रजी आकडे वापरा. देवनागरी आकडे बहुतेक वेळा मजकूर म्हणून धरले जातात, मग क्रम लागत नाही. इ.स.पू. ची वर्षं उणे लिहा.

शतकावरून वर्षं काढताना घोळ होतो म्हणून सूत्रच देते. शतकाचा नुसता आकडा कामापुरता सात रकान्यांच्या पुढे, H2 मध्ये लिहिला आहे असं धरा. इ.स. साठी सुरुवात आणि शेवट:

```
=(H2-1)*100+1
=H2*100
```

इ.स.पू. साठी:

```
=-H2*100
=-((H2-1)*100+1)
```

म्हणजे इ.स. दुसरं शतक 101 ते 200, आणि इ.स.पू. दुसरं शतक -200 ते -101. इ.स.पू. मध्ये मोठा आकडा आधी येतो हे विसरलं की भलतीच ‘दुरुस्ती’ होते. तुमच्याच संग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यातले अॅसिरियन शिल्पपट आहेत, राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या काळातले. त्याची कारकीर्द इ.स.पू. ८८३ ते ८५९. ‘आकडे उलटे पडलेत’ असं समजून ते ८५९ ते ८८३ असे सुलटे केलेले अहवाल मी तपासले आहेत.

काळ: लेबल नेमकं काय सांगतंय?

लेबलवर जिथे वर्ष दिसेल तिथे आधी विचारा की हे कशाचं वर्ष. घडवल्याचं, सापडल्याचं, का संग्रहालयात आल्याचं? कित्येक संग्रहालयांत नोंद क्रमांकाची सुरुवातच दाखल झालेल्या वर्षाने होते, आणि नवखा माणूस तोच काळ समजतो. ‘सर रतन टाटा संग्रह’ हे कुणी दिलं ते सांगतं, कुणी घडवलं ते नाही. ‘प्रतिकृती’ हा शब्द तर डोळ्यांत तेल घालून शोधा. मोहेंजोदडोची नर्तकी कितीतरी ठिकाणी दिसते, पण मूळ मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. प्रतिकृतीच्या ओळीत काळ मूळ वस्तूचा लिहा, पण वस्तूच्या नावातच ‘प्रतिकृती’ घाला.

आता संवत. इथे माझीच एक फजिती सांगते. सुरुवातीच्या काळात एका छोट्या संग्रहाची यादी करत होते. एका जैन धातुमूर्तीच्या पाठीवर लेख होता, त्यात ‘संवत् १५३४’ स्पष्ट वाचता येत होतं. मराठी माणसाच्या डोक्यात शक बसलेला. मी ७८ मिळवून १६१२ लिहून मोकळी झाले. यादी छापायला जायच्या आधी एका जाणत्या गृहस्थांनी विचारलं, “बाई, ही मूर्ती जहांगिराच्या काळात कशी गेली?” जैन धातुमूर्तींवरचा संवत बहुतेक विक्रम संवत असतो. त्यातून ५७ वजा करायचे असतात, म्हणजे १४७७. विक्रम आणि शक यांत १३५ वर्षांचं अंतर आहे. एका गैरसमजाने मी मूर्तीला तेवढं तरुण केलं होतं.

तेव्हापासून मी हिशेब कागदावर लिहून समोर ठेवते. शक असेल तर ७८ मिळवा. शकवर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारीनंतरचे शेवटचे महिने असतील तर ७९. शिवराज्याभिषेक शक १५९६ च्या ज्येष्ठातला, म्हणून १६७४. विक्रम संवत असेल तर ५७ वजा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ५६. हिजरी चांद्र आहे, त्यात सरळ बेरीज चालत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवलं की एखाद्या वर्षाच्या फरकाने उत्तर येतं. मोगली नाण्यावर १०६८ असेल तर १६५८ च्या आसपास. आणि मराठी कागदपत्रांत सुहूर सन भेटला तर ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी ६००. हा सन अंकांऐवजी अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, हजार, अर्थात १०७५, म्हणून १६७४-७५. तो पुन्हा राज्याभिषेकाच्याच वर्षापाशी येतो. असे दोन सन एकमेकांशी ताडून पाहता आले की मन निर्धास्त होतं.

महिना-तिथी नसेल तर एकच वर्ष लिहू नका. शक १५९६ म्हणजे 1674 ते 1675, दोन्ही रकाने भरा. आणि संवत कुठला ते लेबलवरूनही कळत नसेल, लेखावरूनही कळत नसेल, तर वर्षांचे रकाने रिकामे राहू द्या.

घराण्याच्या नावाने दिलेला काळ सगळ्यात फसवा. ‘पेशवेकालीन’ला निदान कडा आहेत: बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं १७१३ मध्ये, आणि पेशवाई संपली १८१८ मध्ये. ‘यादवकालीन’ लिहिलं तर बारावं-तेरावं शतक हा ढोबळ अंदाज करता येतो. पण ‘सातवाहनकालीन’ची सुरुवात कधी धरायची यावर अभ्यासकांतच एकमत नाही. ‘हेमाडपंती’ हा तर काळच नाही, बांधणीचा प्रकार आहे. तेराव्या शतकातल्या हेमाद्रीचं नाव त्याला चिकटलं आणि मग कुठलंही जुनं दगडी देऊळ हेमाडपंती झालं. म्हणून घराणं दिलेलं असेल तर मूळ रकान्यात घराणं तसंच ठेवा. वर्षं भरलीत तर ‘कुणी ठरवला’ या रकान्यात ‘मी, घराण्याच्या काळावरून’ असं लिहा. लेबलने शतक दिलं असेल तर तिथे ‘लेबल’. वस्तूवरच कोरलेला सन असेल तर ‘लेख’. या तीन शब्दांवर अर्धा अहवाल उभा असतो.

एक ओळ भरून पाहू

तुमच्या फोटोंत मीरपूर खासची मातीची शिल्पं असणारच, या संग्रहालयाची ती नावाजलेली वस्तू आहे. सिंधमधल्या मीरपूर खासजवळ काहू-जो-दडो इथे एक बौद्ध स्तूप होता. हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये तिथे उत्खनन केलं. त्यात भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि हातात कमळ घेतलेल्या उपासकाची प्रतिमा मिळाली. आता समजा तुमच्या फोटोतल्या लेबलवर उपासक, टेराकोटा, मीरपूर खास, सिंध, सुमारे ५ वे शतक इतकी माहिती आहे. ओळ अशी भरेल:

```
क्रमांक: 031
वस्तू: कमळ घेतलेला उपासक (टेराकोटा)
लेबलवरचा काळ: सुमारे ५ वे शतक
सुरुवात: 401
शेवट: 500
काळ कुणी ठरवला: लेबल
टिपण: मीरपूर खास (सिंध, आता पाकिस्तानात) येथील
बौद्ध स्तूपातून; उत्खनन १९०९-१०.
```

या एका ओळीत चार जागी पाय घसरतो. पहिली जागा म्हणजे १९०९-१०. हे सापडल्याचं वर्ष, ते टिपणात जातं, काळाच्या रकान्यात नाही. दुसरी, ठिकाण. लेबल ‘सिंध’ म्हणत असेल तर सिंधच लिहा, आजचा देश पुढे जोडा. नुसतं ‘पाकिस्तान’ लिहिलं तर पाचव्या शतकाच्या वस्तूला विसाव्या शतकाचा पत्ता लागतो. तिसरी, ‘गुप्तकालीन’ हा शब्द. या शिल्पांचं वर्णन तसं केलेलं वाचायला मिळतं. तिथे तो शब्द बराचसा शैलीबद्दल आणि कालखंडाबद्दल बोलतो. त्यावरून ‘गुप्त राजांनी स्तूप बांधला’ असं टिपणात लिहू नका. चौथी, 401 आणि 500 हे आकडे. ते दिसायला फार नेमके वाटतात, पण त्यांच्या मागे ‘सुमारे’ उभा आहे. म्हणून छापील अहवालात वर्षांचे रकाने कधीच देऊ नका. तिथे ‘सुमारे ५ वे शतक’ एवढंच जायला हवं.

दुसरं उदाहरण वादाचं घेते, कारण टिपण कशासाठी असतं ते त्यातून चांगलं कळतं. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकटा रथच ४५ सेंटिमीटर लांब. एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी त्यांना उत्तर हडप्पा काळात ठेवलं. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण पाहून शंका काढली. या ब्राँझमध्ये एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, आणि इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तशी मिश्रणाची रीत आढळत नाही. म्हणून या वस्तू ऐतिहासिक काळातल्याही असू शकतील असं त्यांचं म्हणणं. त्यात भर म्हणजे वस्तू शास्त्रीय उत्खननात, थराच्या नोंदीसह मिळालेल्या नाहीत. तिथलं साळींचं मोठं उत्खनन त्यानंतरचं आहे.

अशा वस्तूच्या लेबलवर एकच काळ असतो, कारण लेबलवर जागाच तेवढी असते. काळाच्या रकान्यात तुम्ही लेबलचंच लिहा, न्यायनिवाडा करू नका. टिपणात एक वाक्य घाला: ‘काळाबद्दल मतभेद, धातूतल्या आर्सेनिकमुळे काही अभ्यासक त्या नंतरच्या मानतात.’ त्या एका वाक्यावरून सरांना कळेल की तुम्ही लेबल वाचलं, नुसतं उतरवलं नाही. पण हे प्रत्येक वस्तूला करायला जाऊ नका. पंचवीसमध्ये तीन-चार ठिकाणी पुरे.

टिपण कसं असावं

माझी सवय अशी की टिपणात दोन गोष्टी घ्यायच्या. एक लेबलवरची, आणि एक स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेली. ‘पितळी दिवा, १८ वे शतक’ हे लेबलने सांगितलंच आहे. ‘साखळीच्या दोन कड्या वेगळ्या रंगाच्या दिसतात, मागाहून बदललेल्या असाव्यात’ हे तुम्ही पाहिलं. वस्तूचा फोटो मोठा करा आणि एक मिनिट नुसतं बघा. झिजलेली कड, तुटका हात, पाठीला ठेवलेलं भोक असं काहीतरी नक्की मिळतं. मिळालं नाही तर लेबलची ओळ पुरे, पाणी घालू नका. ‘अत्यंत सुंदर’, ‘अप्रतिम कलाकुसर’ हे शब्द टिपणातून काढून टाकले तर काहीच कमी होत नाही, करून बघा.

देवदेवतांची ओळख मात्र स्वतःच्या हिमतीवर लावू नका. लेबल ‘देवी’ म्हणत असेल आणि तुम्हाला ती महिषासुरमर्दिनी वाटत असेल, तर वस्तूच्या रकान्यात ‘देवी’च ठेवा. टिपणात कारणासहित लिहा: पायाशी रेडा दिसतो, हातात त्रिशूळ आहे.

देण्याआधी

सुरुवातीच्या वर्षाने क्रम लावा आणि यादी वरून खाली वाचा. चुका इथे आपोआप डोकं वर काढतात. दालन पुरातत्त्वाचं आणि वस्तू अठराव्या शतकात, किंवा भाजलेल्या मातीची दोन शिल्पं एकाच ठिकाणची पण मध्ये हजार वर्षांचं अंतर, असं दिसलं की लेबलचा फोटो उघडा. दहापैकी आठ वेळा ‘पू.’ गळलेला असतो किंवा १ चा ९ झालेला असतो. मग मैत्रिणीला पाच क्रमांक मनाने निवडायला सांगा आणि त्या पाच ओळी लेबलांशी ताडून घ्या. पाचांत एक जरी चूक निघाली तर सगळ्या पंचवीस ताडायच्या.

त्यानंतर तक्त्याची एक प्रत करा आणि तिच्यातून क्रमांक, वस्तू, लेबलवरचा काळ, टिपण एवढेच रकाने ठेवा. वस्तू दालनांप्रमाणे लावायच्या का काळाप्रमाणे, हे सरांना विचारा. मला विचाराल तर भेटीच्या अहवालात दालनाचा क्रम बरा, वाचणारा तुमच्याबरोबर चालत जातो. वर एका परिच्छेदात भेटीची तारीख, कोणती दालनं पाहिली, आणि ‘काळ लेबलांनुसार, जिथे मी लावला आहे तिथे तसं नमूद केलं आहे’ हे वाक्य. लेबलवर काळ नसेल तिथे ‘लेबलवर नाही’ असं लिहा, नुसती रेघ ओढू नका. रेघ बघून वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही विसरलात.

पंचवीस वस्तूंना दोन संध्याकाळी लागतील. पहिली सगळी जोड्या लावण्यात जाईल, आणि तेव्हा काहीच लिहून झालं नाही म्हणून घाबरू नका. एखादं लेबल वाचताच येत नसेल तर फोटो इथे टाका, आम्ही चारजण मिळून लावून बघू.